दर सोमवारी एक पायरी

माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते आणि आठ महिन्यांत मी सासऱ्यांशी एक शब्दही बोलले नव्हते. भांडण नव्हतं हो. रीतच तशी होती. आमची मंडळी मूळची मारवाडातली, चार पिढ्यांपूर्वी जळगावात आलेली. सुनेनं सासऱ्यांसमोर पदर नाकापर्यंत ओढायचा आणि आवाज ऐकू येऊ द्यायचा नाही. त्यांना माझ्याशी बोलायचं असलं, की ते सासूबाईंकडे बघून बोलायचे. मला उत्तर द्यायचं असलं, की मी सासूबाईंच्या कानात कुजबुजायची. तिघंही एकाच खोलीत, चार हातांच्या अंतरावर. "विचार तिला, चहात साखर आहे का?" "ती म्हणतेय, आहे." मला हसू आवरायचं नाही. पदराचा तेवढा एक उपयोग होता.

घरात आम्ही मारवाडी बोलायचो, गिऱ्हाइकांशी मराठी, आणि खेड्यातून आलेल्यांशी खान्देशी. इथे मी घरातलं बोलणं मराठीतच लिहिते आहे.

खाली कापडाचं दुकान, वर घर. मधे एक लाकडी जिना होता आणि जिन्याच्या वळणावर एक लहानशी जाळी. त्या जाळीतून सगळं दुकान दिसायचं. दुपारची कामं आटोपली, की मी आणि सासूबाई पायरीवर बसून मेहरूणची बोरं खात खाली काय चाललंय ते बघायचो. सासूबाईंना गिऱ्हाईक आत शिरतानाच कळायचं, हे घेणार की नुसतं उलगडायला लावणार. त्या बोराची बी ओंजळीत टाकत म्हणायच्या, "ही नाही घ्यायची." आणि ती बाई नाहीच घ्यायची.

त्या वर्षी सासऱ्यांनी एक मोठी चूक केली. लुधियानाच्या एका एजंटानं त्यांना पटवलं, की यंदा कडाक्याची थंडी पडणार. सासरे एरवी दोन मीटर लट्ठा घेतानाही चारदा बोटांनी चाचपणारे, पण त्या दिवशी काय संचारलं कोण जाणे, त्यांनी चारशे साठ स्वेटर मागवले. त्यातले शंभर त्यांच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे आमच्या काकासांच्या धुळ्याच्या दुकानात गेले आणि तीनशे साठ आमच्याकडे राहिले. भाडं, जकात धरून एकेक नग वीस रुपयांना पडला होता. भाव ठेवला बत्तीस.

आणि थंडी पडेना. दिवाळी गेली, मार्गशीर्ष गेला, लोक सदऱ्यात हिंडत होते. पौषात चार दिवस बरा गारठा पडला तेव्हा कुठे माल हलला. संक्रांतीला मोजदाद केली तर विकले गेले होते एकशे साठ आणि उरले होते बरोबर दोनशे. खान्देशात संक्रांतीनंतर थंडी राहून राहून राहणार किती? सहा आठवडे. मग होळी, आणि मग एप्रिलात स्वेटर नुसता पाहिला तरी घाम फुटतो.

"पेटीत घालून ठेवू," सासरे जेवताना म्हणाले. "डांबरगोळ्या टाका चांगल्या. पुढल्या वर्षी विकू."

सासूबाई वाढता वाढता थांबल्या. आदल्या वर्षी पेटीत ठेवलेल्या चाळीस स्वेटरांपैकी अकरा कसरीनं खाल्ले होते, आणि उरलेल्यांच्या गळ्याची फॅशन गेली होती. मला मात्र माहेरचं दुकान आठवलं.

माझं माहेर धुळ्याचं. वडिलांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं आणि दरवर्षी डिसेंबरात ते डायऱ्या आणि कॅलेंडरं आणायचे. डायरी जानेवारीत सोनं असते आणि मार्चात रद्दी. म्हणून वडील एक जानेवारीलाच कागद लिहून भिंतीला लावायचे: या रविवारपर्यंत इतक्या डायऱ्या उरल्या असल्या पाहिजेत, पुढल्या रविवारपर्यंत इतक्या. जास्त उरल्या तर भाव एक पायरी खाली. कमी उरल्या तर भाव तसाच. आणि कागदाच्या तळाशी लाल शाईनं एक आकडा, त्याच्या खाली म्हणून जायचं नाही. मी बी.कॉम. करत होते (वर्गात आम्ही दोनच मुली होतो), पण खरं कॉमर्स मी त्या भिंतीवर शिकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सासूबाईंच्या शेजारी बसून शाळेच्या वहीच्या पानावर तसाच कागद तयार केला. सहा आठवडे. तीनशे साठांतले दहातले नऊ विकायचे, म्हणजे शेवटी छत्तीसच्या वर एकही नग उरता कामा नये. दोनशेवरून पहिल्या आठवड्याअखेर एकशे सत्तर, मग एकशे चाळीस, एकशे दहा, ऐंशी, पंचावन्न आणि छत्तीस. भावाच्या पायऱ्या पाच: एकोणतीस, सत्तावीस, पंचवीस, साडेतेवीस. शेवटची पायरी मी रिकामी ठेवली.

"ही का रिकामी?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण आकडा एक सुटायचा नाही.

"ती बाबूजींनी सांगायची. कमीत कमी किती सुटलं पाहिजे ते." सासऱ्यांना घरात आम्ही बाबूजी म्हणायचो.

संध्याकाळी सासरे झोपाळ्यावर बसले आणि सासूबाईंनी कागद त्यांच्या हातात दिला. मी दाराच्या चौकटीला चिकटून उभी.

"हे कोणी लिहिलं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या.

सासरे त्यांच्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षांच्या संसारात सासूबाईंनी धोब्याच्या हिशेबाच्या आकड्यांपलीकडे काही लिहिलं नव्हतं. मग त्यांनी दाराकडे एक नजर टाकली, चष्मा वर केला आणि पुन्हा सासूबाईंना म्हणाले, "तुझं अक्षर बरंच सुधारलं गं."

आमचे हे कोपऱ्यात पाणी पीत होते, त्यांना ठसका लागला.

अर्धा तास घासाघीस झाली. सासरे सासूबाईंशी भांडत होते, सासूबाई माझ्याकडे वळत होत्या, मी कुजबुजत होते. शेवटी सासरे म्हणाले, "सांग लिहिणारीला, रुपयामागे दोन आणे सुटलेच पाहिजेत. वीसचा माल साडेबावीसच्या खाली गेला, तर मी दुकानाला कुलूप लावून शिखरजीच्या यात्रेला निघून जाईन." आणे बंद होऊन किती वर्षं झाली होती, पण सासऱ्यांचा नफा अजून आण्यांतच मोजला जायचा. मी रिकाम्या पायरीवर साडेबावीस लिहिलं. लाल शाई नव्हती, म्हणून कुंकू ओलं करून त्याखाली रेघ मारली.

सोमवारी सकाळी भाव एकोणतीस झाला आणि माल हलला! मी जाळीतून बघत होते आणि प्रत्येक स्वेटर बांधला गेला, की सासूबाई एक बोर बाजूला ठेवायच्या. रविवारी मोजले तर चौतीस गेले होते. उरले एकशे सहासष्ट, कागदावर होते एकशे सत्तर. आम्ही पुढे होतो. नियमाप्रमाणे भाव उतरवायचं कारण नव्हतं, एकोणतीसच राहिला.

पण इथे आमच्या ह्यांनी घोटाळा करून ठेवला. आनंदाच्या भरात त्यांनी त्या आठवड्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं होतं, "आमच्याकडे आता सोमवारी सोमवारी भाव उतरतो!" नियमाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे माल मागे पडला तरच, तो ते विसरले. दुसऱ्या सोमवारी दुकान उघडायच्या आधी पायऱ्यांवर वीस-बावीस माणसं. भाव तोच आहे म्हटल्यावर एक शिक्षिकाबाई भडकल्या. "मागच्या सोमवारी उतरला, मग आज का नाही? सोमवार नाही का आज?" सगळे हसत परत गेले. थांबू की आठवडाभर, घाई कुणाला आहे!

त्या आठवड्यात नऊ गेले. फक्त नऊ. उरले एकशे सत्तावन्न आणि कागद म्हणत होता एकशे चाळीस. भाव सत्तावीस झाला. आता तर लोकांची खात्रीच पटली, की थांबलं की उतरतं. पुढल्या आठवड्यात चौदा. उरले एकशे त्रेचाळीस, हवे होते एकशे दहा. आणखी एक पायरी खाली, पंचवीस.

मी जाम घाबरले. पाचांतल्या तीन पायऱ्या उतरलो होतो आणि डोंगर तसाच. असंच चाललं असतं तर दोन आठवड्यांत साडेबावीसला टेकलो असतो, आणि तेव्हाही लोक थांबलेच असते. त्यांना कुठे ठाऊक होतं, की खाली जमीन आहे!

त्याच रविवारी सासूबाई दुकान बंद असताना खाली आवराआवर करायला गेल्या आणि त्यांची हाक आली. मी धावत उतरले. गाद्यांच्या खोळींच्या ढिगात त्यांना तीन स्वेटर सापडले होते. मग आम्ही शोधायलाच लागलो. धोतरांच्या चवडीत दोन. लुगड्यांमागे एक. पडद्याच्या कापडाच्या ताग्यात गुंडाळलेला एक तपकिरी, बाह्या आत मुडपून, अगदी तान्ह्या मुलासारखा. लोक आपल्या आवडीचा स्वेटर पुढल्या सोमवारपर्यंत दुसऱ्या मालात दडवून जात होते! एका स्वेटरच्या खिशात तर चिठ्ठी होती, 'हा घेऊ नये.' सासूबाई ताग्यांच्या मधोमध बसल्या आणि पोट धरून हसायला लागल्या. मीही बसले. आम्ही इतक्या हसलो, की ह्यांनी वरून विचारलं, काय पडलं का म्हणून.

हसता हसता सासूबाई एकदम थांबल्या. "म्हणजे यांना भाव नको आहे गं," त्या म्हणाल्या. "यांना भीती आहे, की आपला रंग दुसरं कुणी नेईल. ती भीती आपण उघड्यावर का नाही मांडत?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी त्यांचे खांदे धरून हलवले. सुनेनं सासूला असं हलवायचं नसतं. पण तेव्हा ते मला सुचलं नाही.

सोमवारी दुकानाच्या दारात एक मोठी पाटी लागली. वर खडूनं 'आजचा भाव २५'. त्याच्या खाली 'उरले १४३', आणि त्याखाली रंगांप्रमाणे: लाल इतके, तपकिरी इतके, निळे, राखाडी, लहान माप, मोठं माप. अगदी तळाशी, 'साडेबावीसच्या खाली भाव जाणार नाही.' लपवाछपवी काहीच नाही. आणि आकडा बदलायला पाटीशेजारी पाटावर कोण बसलं? सासूबाई! चाळीस वर्षांत जी बाई गिऱ्हाइकांच्या वेळेत दुकानात उतरली नव्हती, ती ओल्या फडक्यासकट दारातच. सासरे गादीवरून बघत होते, तोंड उघडं. सासूबाई पदर सारखा करून म्हणाल्या, "तुम्ही तिकडे बघा. मी आकडे बघते."

पहिला नग गेला. सासूबाईंनी पुसलं आणि लिहिलं, १४२. कुणीतरी रस्त्यावरून मोठ्यानं वाचलं. दुपारपर्यंत गर्दी झाली. रेडिओवर क्रिकेटचा स्कोअर ऐकायला जमतात तशी. "एकशे सदतीस!" "अरे लाल चारच राहिले!" चार म्हटल्यावर तीन माणसं एकदम आत घुसली.

पिंप्राळ्याहून आलेली एक शेतकरीण बाई पाटीसमोर बराच वेळ उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, आणि पोरासाठी स्वेटर आता घ्यावा की सोमवारी, ते ठरत नव्हतं. तिनं सासूबाईंना विचारलं, "अक्का, मना पोऱ्यासाठे लाल स्वेटर जोयजे. आते लेसू का सोमवारले येसू?"

सासूबाईंनी तिच्याशी तिच्याच बोलीत खरं ते सांगितलं, "सोमवारले भाव कदाचित उतरी. पन लाल एकच शे. तो ऱ्हाई का नही, ते मी सांगू शकस नही."

बाई त्या एका लाल स्वेटरकडे बघत राहिली. मग कमरेची पिशवी सोडून म्हणाली, "दे माय, आतेच दे." सासूबाईंनी लालसमोरचा आकडा पुसून शून्य लिहिलं आणि गर्दीतून हळहळल्याचा मोठा आवाज उठला. भडकलेल्या शिक्षिकाबाई त्याच गर्दीत होत्या. त्या तरातरा आत आल्या, पडद्याच्या कापडाच्या ताग्यांकडे गेल्या आणि तिथे हात घालून काहीतरी चाचपायला लागल्या. सासूबाई बाहेरूनच म्हणाल्या, "बाई, तुमचा तपकिरी आता मापाप्रमाणे लावलाय. डावीकडचा दुसरा खण." शिक्षिकाबाई लाजून लाल झाल्या, तपकिरी घेतला आणि त्याही हसायला लागल्या.

त्या आठवड्यात अठ्ठावन्न स्वेटर गेले. अठ्ठावन्न! मी जिन्यावर एकटीच नाचले. उरले पंच्याऐंशी. कागदावर ऐंशी होते, म्हणजे पाचच मागे. सोमवारी साडेतेवीस करायचं ठरलं.

रविवारी दुपारी आम्ही मोजणी करत होतो, सासूबाई आणि मी जिन्याच्या वळणावर, सासरे आणि हे खाली, तेवढ्यात भुसावळकडचा एक व्यापारी अर्ध्या उघड्या दारातून आत आला. जत्रांमध्ये पाल टाकून माल विकायचा. त्यानं स्वेटर हातात घेतले, उलटसुलट केले आणि म्हणाला, "पन्नास नग उचलतो. रोख. एकवीस रुपयांनी. मात्र निवडून मी घेणार."

सासरे बोटांवर मोजायला लागले. मी जाळीतून बघत होते. पंच्याऐंशीतून पन्नास गेले, उरले पस्तीस. छत्तीसच्या आत! दोन आठवडे आधीच, एका फटक्यात, सगळं पार! सासऱ्यांचा चेहरा उजळला. विक्रीची झिंग चढली होती त्यांना, आम्हा सगळ्यांनाच चढली होती. कुलूप नाही, शिखरजी नाही, काही आठवेना. ते वर बघून सासूबाईंना म्हणाले, "ऐकलंस? सांग लिहिणारीला, काम झालं! एकवीस म्हणजे अजून रुपया सुटतोच की. बांधा रे."

"नाही, बाबूजी!"

हे मी म्हणाले होते. मोठ्यानं. जिन्यावरून, दुकानभर ऐकू जाईल असं. सासूबाईंचा हात माझ्या गुडघ्यावर होता, तो तिथेच गोठला. ह्यांच्या हातातून कापड मोजायचा गज खाली पडला. सासरे मान वर करून जाळीकडे बघत राहिले, जणू भिंतच बोलली होती.

आता बोललेच होते, तर थांबून काय फायदा? मी पुढचं सगळं एका दमात बोलले. एकवीस साडेबावीसच्या खाली आहे. तो आकडा तुम्हीच सांगितलात. पाटीवर तसं लिहून माणसांना शब्द दिलाय. हे व्यापारी चांगली मापं निवडून नेणार आणि आपल्याकडे उरणार नुसते राखाडी आणि तोकडे. शिवाय शिवरात्रीच्या जत्रेत हे आपलाच माल बावीसला विकतील, मग आपल्याकडे साडेतेवीसला येणार कोण? "छत्तीसच उरले पाहिजेत हे खरं, बाबूजी. पण छत्तीससाठी साडेबावीस मोडायचे असते, तर आपण पहिल्याच सोमवारी मोडले असते."

बोलून झालं आणि मला एकदम भान आलं. मी पदर डोक्यावरून थेट हनुवटीपर्यंत ओढला.

व्यापारी गालातल्या गालात हसला. "बावीस?" त्यानं विचारलं. सासऱ्यांना नाही, जाळीला.

"साडेबावीस," मी पदरातून म्हणाले.

"त्यात मला काही सुटत नाही, ताई."

सासरे हळूच त्याच्याकडे वळले. घसा साफ केला. "काय करणार," ते म्हणाले, "मुनीमजींची परवानगी नाही." व्यापारी नमस्कार करून निघून गेला. आणि मग सासऱ्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रागानं. पण ते हसत होते. गादीवर मागे रेलून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

त्या संध्याकाळी चहा दिला तेव्हा ते सासूबाईंकडे न बघता म्हणाले, "बेटा, साखर आहे ना?" मी म्हणाले, "आहे, बाबूजी." बस. आठ महिन्यांची रीत अशी चहाच्या कपाबरोबर संपली. पदर राहिला अजून काही वर्षं, पण आवाज बाहेर आला तो आलाच.

पुढचे दोन आठवडे माझी झोप उडाली होती, हे मात्र सांगायला हवं. नाही म्हणणं सोपं होतं. आता विकायला हवं होतं. पाचव्या आठवड्यात साडेतेवीसनं सत्तावीस गेले. उरले अठ्ठावन्न, हवे होते पंचावन्न. तीन मागे. शेवटचा सोमवार, शेवटची पायरी, साडेबावीस. त्याखाली आता जायला जागाच नव्हती. पाटीवर सासूबाईंनी भावाखाली जाडजूड रेघ मारली. रोज तीन, कधी चार. शनिवारी दुकान बंद झालं तेव्हा पाटीवर होते अडतीस.

रविवारी आम्ही फक्त त्या दिवसापुरतं दुकान उघडं ठेवलं. सकाळीच धुळ्याहून काकासा येऊन थडकले. आम्ही चालवलेला प्रकार त्यांच्या कानांवर गेला होता आणि ते मुद्दाम हसायला आले होते. त्यांनी आपले उरलेले साठ स्वेटर कधीच पेटीत घातले होते. "स्वेटरचा लिलाव मांडलाय म्हणे भाभींनी!" असं म्हणत ते पाटीसमोर उभे राहिले. मग गर्दी जमायला लागली, आकडा सदतीस झाला, लोक ओरडले, आणि काकासांचं हसू हळूहळू ओसरून डोळे मोठे व्हायला लागले. सदतीसवर पाऊण तास काटा अडला. मी वर जाळीला नाक लावून उभी. अचानक काकासांनीच दोन स्वेटर उचलले. "नातवंडांना होतील. घरच्याला काही कमी करशील ना रे?"

सासऱ्यांनी अंगठा जिन्याकडे दाखवला. "वर विचार."

काकासांनी जाळीकडे बघितलं. मी मान हलवली. पंचेचाळीस रुपये त्यांनी पुरते मोजून दिले आणि सासूबाईंनी खडूनं मोठ्ठे पस्तीस लिहिले. समोरच्या पानवाल्यानं टाळ्या वाजवल्या. आम्ही पार झालो होतो! संध्याकाळपर्यंत आणखी चार गेले. उरले एकतीस.

सासऱ्यांनी त्या सहा आठवड्यांचा हिशेब मांडला. एकशे एकोणसत्तर स्वेटर गेले होते आणि सरासरी भाव पडला होता साडेपंचवीसच्या किंचित वर. म्हणजे नगामागे साडेपाच रुपये सुटले. साडेबावीस ही आमची जमीन होती, पण बहुतेक माल तिच्यापासून बराच वर असतानाच गेला होता. सासऱ्यांनी तो आकडा दोनदा तपासला, पुन्हा तपासला आणि वही सासूबाईंकडे न देता सरळ माझ्या हातात दिली.

उन्हाळा गेला, पाऊस आला, आणि भाद्रपदात काकासांचा निरोप आला. धुळ्याच्या दुकानात दीडशे छत्र्या आणि रेनकोट पडून आहेत, पाऊस सरत आलाय, जरा येऊन कागद करून द्या. सासरे म्हणाले, दोघी जाऊन या. दोघीच! बरोबर पुरुष नाही, लहान मूल नाही. सासूबाई आयुष्यात कधी एकट्या एसटीत बसल्या नव्हत्या आणि मला माहेरी जायला पहिल्यांदाच कामाचं कारण मिळालं होतं.

एरंडोलला गाडी थांबली तर सासूबाई म्हणाल्या, भजी खाऊ. खाल्ली. पारोळ्याला म्हणाल्या, चहा घेऊ. घेतला. चहा इतका गरम होता, की बशीत ओतून फुंकता फुंकता आमची गाडी आमच्या डोळ्यांसमोरून निघाली. आम्ही दोघी पदर सांभाळत, चपला हातात घेऊन तिच्यामागे धावलो. मागच्या खिडकीतून एक म्हातारे आबा ओरडून कंडक्टरला थांबवत होते. गाडी थांबली, आम्ही धापा टाकत चढलो, आणि सगळी गाडी आमच्याकडे बघत असताना सासूबाईंनी सीटवर अंग टाकलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चहाचे पैसे दिलेस का गं?"

दिले नव्हते. तिथून धुळ्यापर्यंत आमचं हसू काही थांबलं नाही.